एकवीस पदार्थांचा नैवेद्य आणि चतुर्थीचं जेवण: आधी मोदकाची वेळ ठरवा, मग बाकीचं

प्रश्न: काकू, यंदा गणपती पहिल्यांदाच आमच्या बोरिवलीच्या घरी बसणार आहे. सासरी एकवीस पदार्थांचा नैवेद्य असतो. जेवायला बारा माणसं. स्वयंपाकघरात तीन बर्नर, एक कुकर, एक मोदकपात्र. हाताशी सासूबाई आणि जाऊबाई. सासूबाईंना उभं राहवत नाही, पण मोदक सुरेख वळतात. साडेबाराला नैवेद्य दाखवायचा तर कशानंतर काय करायचं? मोदकांपायी बाकीचं राहतं आणि बाकीच्यापायी मोदक फाटतात, असं दर वर्षी ऐकते.

उत्तर:

पार्ल्यात वीस-बावीस वर्षं मी सणावाराचा स्वयंपाक करून देते आहे. चतुर्थीच्या दिवशी नैवेद्य उशिरा होण्याचं कारण मी जवळजवळ प्रत्येक घरात एकच पाहिलं. सगळे पदार्थ सारखेच महत्त्वाचे मानून सकाळी सहापासून एकामागून एक करत सुटायचं आणि "मोदक गरम हवेत" म्हणून ते शेवटी ठेवायचे. मोदक शेवटी करणं बरोबरच आहे, पण त्यांची वेळ आधी कागदावर लिहायला हवी. बाकीचे वीस पदार्थ मग त्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे बसवायचे.

आधी एकवीस मोजून घेऊ. मीठ, लिंबाची फोड, तूप आणि पाणी आम्ही मोजत नाही. तुमच्या सासरी मोजत असतील तर तेवढेच पदार्थ कमी करा, सासूबाईंना विचारून घ्या. पानाच्या डाव्या बाजूला सहा: ओल्या खोबऱ्याची चटणी, पंचामृत, लिंबाचं लोणचं, खमंग काकडी, लाल भोपळ्याचं भरीत आणि वाटली डाळ. उजव्या बाजूला चार: बटाट्याची पिवळी भाजी, भेंडीची भाजी, अळूचं फदफदं आणि काळ्या वाटाण्यांची उसळ. मध्ये साधा भात, वरण, मसालेभात आणि पुरी, हे झाले चौदा. तळणीत अळुवडी, घोसाळ्याची भजी आणि कुरडई, म्हणजे सतरा. गोडात मोदक, शेवयांची खीर आणि पंचखाद्य, हे वीस. एकविसाव्या निवगऱ्या, त्या मोदकाच्याच उकडीतून निघतात. पंचामृत म्हणजे इथे अभिषेकाचं नव्हे, तर मिरची, दाण्याचा कूट, तीळ, चिंच-गूळ घालून शिजवलेलं तोंडीलावणं. नवख्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो.

आता या एकविसांकडे नीट पाहा. गरमच हवेत असे सातच आहेत: मोदक, निवगऱ्या, भात, पुरी, अळुवडी, भजी, कुरडई. वरण आणि भाज्या पुन्हा गरम करता येतात. लोणचं बरणीतलं. पंचखाद्य आणि पंचामृत आदल्या दिवशी होतं. म्हणजे शेवटच्या दीड तासात तुमच्या तीन बर्नरवर खरं काम सातच पदार्थांचं आहे, आणि त्यातले दोन एकाच भांड्यात वाफवायचे आहेत.

मोदकांचा हिशोब

बारा माणसांना नैवेद्याचे एकवीस आणि वर पंक्तीसाठी वीस, असे एक्केचाळीस मोदक धरू. साधारण मोदकपात्रात एका वेळी अकरा बसतात. बारा ते पंधरा मिनिटं वाफ म्हटली तर चार घाण्यांना एक तास. पुष्कळांना वाटतं, मोदकपात्र लहान म्हणून वेळ लागतो. खरा वेळ हातात जातो. सरावलेला हात एक मोदक दोन मिनिटांत वळतो, नवीन हाताला चार मिनिटं लागतात. सासूबाई आणि जाऊबाई दोघी बसल्या तर अर्ध्या तासात सासूबाईंचे पंधरा आणि जाऊबाईंचे सहा-सात, म्हणजे बरोबर एकवीस. एकट्या सासूबाईंना त्यालाच पाऊण तास लागेल, आणि तेवढ्यात उकड गार होऊन शेवटच्या मोदकांना भेगा पडतील.

म्हणून उकड दोनदा काढायची. पहिल्यांदा नैवेद्यापुरती, मग पंक्तीची. एक्केचाळीस मोदकांची उकड एकदम काढून ओल्या फडक्याखाली ठेवण्याचा मोह होतो, कारण पातेलं एकदाच घासावं लागतं. पण झाकली तरी उकड अर्ध्या तासात आवळायला लागते. मग ती पाण्याचा हात लावून पुन्हा मळावी लागते, आणि तशी मळलेली उकड वाफेत पिठूळ लागते.

पहिल्या उकडीचं माप असं. दोन कप पिठी, दोन कप पाणी, अर्धा चमचा मीठ, दोन चमचे तूप. कप मापाचा घ्या आणि तोच शेवटपर्यंत वापरा. चमचाही मापाचा आणि सपाट. आंबेमोहोराची पिठी उत्तम. बाजारची तयार पिठी घेतलीत तर आठवडाभर आधी एक कपाची उकड करून बघा, कारण नव्या तांदळाची पिठी पाणी कमी पिते आणि जुन्याची जास्त. दर कपाला दोन चमचे पाणी इकडे-तिकडे होऊ शकतं, आणि ते चतुर्थीच्या सकाळी शोधत बसायचं नाही.

पाणी खळखळून उकळलं की मीठ-तूप घालून गॅस बारीक करा, पिठी एकदम घाला आणि लाकडी कालथ्याच्या दांड्याने ढवळा. गुठळ्या दिसतील, त्यांची काळजी नको. झाकण ठेवून दोन मिनिटं बारीक गॅसवर, मग गॅस बंद करून दहा मिनिटं तशीच. ही दहा मिनिटं कुणी कापायची नाहीत. पिठी त्या वेळेत शिजते, आणि कच्ची राहिली तर पारी ताणली की तुटते. मग परातीत काढून वाटीच्या बुडाने रगडायची आणि हाताला पाणी व तूप लावून सोसेल तितकी गरम असतानाच मळायची. लहान गोळी करून बोटाने दाबा. कडा गुळगुळीत राहिली तर झाली. कडेला बारीक चिरा दिसल्या तर आणखी पाण्याचा हात हवा. इतक्या उकडीत मोठ्या लिंबाएवढे एकवीस गोळे होतात आणि सहा-सात निवगऱ्यांपुरती उकड उरते. त्या उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर आणि चिमूटभर मीठ मळून चपट्या टिकल्या करायच्या.

सारण, आणि आदला दिवस

आदला दिवस बहुधा हरतालिकेचा असतो. घरात कुणाचा उपास असेल तर त्यांच्यावर जड काम टाकू नका. मात्र सारण आदल्या संध्याकाळीच होऊ द्या. काही घरी सोवळ्याचा स्वयंपाक सगळा त्याच सकाळी करतात. तसं असेल तर सारणाला सकाळी साडेपाचला पहिला बर्नर द्या, म्हणजे ते साडेदहापर्यंत पूर्ण गार होईल.

एक्केचाळीस मोदकांना तीन मोठे नारळ लागतात, खोवून साधारण सात कप. त्याला साडेतीन कप चिरलेला गूळ. चिक्कीचा गूळ नको, गार झाला की सारण दगडासारखं होतं. दोन्ही एकत्र मध्यम गॅसवर ठेवलं की गूळ विरघळून आधी पाणी सुटतं, मग ते आटतं. गूळ विरघळल्यावर आठ-दहा मिनिटांत सारण कढईच्या कडा सोडून गोळा व्हायला लागेल. त्याच क्षणी उतरवा. चिमूटभर बोटांत दाबून बघा: गोळी झाली आणि बोटांना पाक लागून ओघळला नाही, म्हणजे झालं. कोरडं होईपर्यंत परतलंत तर दुसऱ्या दिवशी ते मोकळं होऊन भुरभुरतं आणि पारीला टोचतं. ओलं राहिलं तर वाफेत मोदकाच्या बुडातून गूळ गळतो. थोडं ओलं वाटलंच तर भाजून कुटलेली खसखस चमचाभर घाला, ती ओल शोषून घेते. वेलची-जायफळ उतरवल्यावर. गार झालं की डब्यात घालून फ्रिजमध्ये. मुंबईच्या भाद्रपदातल्या दमटपणात ओल्या नारळाचं सारण रात्रभर ओट्यावर ठेवू नये, सकाळी त्याला आंबूस वास येतो. मोदक वळायच्या तासभर आधी मात्र बाहेर काढा. थंडगार सारण गरम पारीत भरलं की आत पाणी सुटतं.

सारणासारखीच अळुवडीही आदल्या संध्याकाळी वाफवून घ्यायची, आणि हे मी फार आग्रहाने सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका घरी अळुवडीचे रोल चतुर्थीच्या सकाळी त्याच मोदकपात्रात ठेवले. वाटलं, वीस मिनिटांचं काम आहे. अळूचे रोल जाड होते, आतलं पीठ शिजायला अर्ध्या तासाच्या वर गेलं. तेवढा वेळ वळलेले मोदक ताटात थांबले. ओलं फडकं होतं, तरी कळ्यांच्या टोकांना भेगा गेल्या आणि वाफेत त्यातून गूळ उतरला. नैवेद्य सव्वा तास उशिरा झाला. घरचे काही बोलले नाहीत, पण यजमानांच्या आई उपाशी होत्या, हे मला आजही आठवतं. तेव्हापासून सकाळच्या मोदकपात्रात मोदक आणि निवगऱ्यांशिवाय काही जात नाही. शिवाय रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेला रोल सुरीने कसा स्वच्छ कापला जातो ते बघा. गरम रोलच्या चकत्या सुटतात, थंड रोलच्या सुटत नाहीत.

वडीसाठी काळसर देठाचं अळू आणि फदफद्यासाठी हिरव्या देठाचं भाजीचं अळू, हे वेगवेगळं मागून घ्या. दादरच्या फुलबाजाराच्या बाजूला आदल्या दिवशी पहाटे जाता आलं तर दोन्ही अळू, केळीची पानं, दूर्वा आणि हळदीची पानं एकाच फेरीत मिळतात. संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि हळदीची पानं बहुतेक संपलेली असतात. हळदीचं पान मोदकपात्राच्या चाळणीवर अंथरायचं. त्याचा वास मोदकाला लागतो आणि मोदक खाली चिकटत नाही. नारळ पाच लागतील, सहा घ्या. एखादा आतून खवट निघतोच.

रात्री झोपण्याआधी भिजत घालायचं ते असं: काळे वाटाणे बारा तास भिजायला हवेत म्हणून संध्याकाळी सहालाच, वाटल्या डाळीची दीड कप हरभरा डाळ रात्री दहाला, आणि फदफद्याची मूठभर हरभरा डाळ व शेंगदाणे वेगळ्या वाटीत. चौथा नारळ खोवून ठेवा, तो चटणी, उसळ आणि भाज्यांना. पंचखाद्यासाठी सुकं खोबरं किसून खमंग भाजायचं, खारकेची पूड, भाजलेली खसखस, खडीसाखर आणि खिसमिस घालून कोरड्या डब्यात भरायचं. ते दोन दिवस आधी केलं तरी चालतं.

चव न घेता मीठ

नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही. एकवीस पदार्थांत बाईची खरी परीक्षा इथे असते, आणि वेळेचं नियोजनही इथेच फसतं. मीठ घातलं की नाही हे आठवत नाही, मग कुणी पुन्हा घालतं. मी दोन गोष्टी करते. एक म्हणजे सगळं मीठ आदल्या रात्री मोजून लहान वाट्यांत काढते आणि वाटीखाली पदार्थाच्या नावाची चिठ्ठी ठेवते. वाटी रिकामी दिसली म्हणजे मीठ घातलं. दुसरं म्हणजे माप अंगठ्या-बोटाचं नसतं, चमच्याचं असतं. एक कप तुरीच्या डाळीच्या वरणाला एक चमचा, अर्धा किलो बटाट्याच्या भाजीला सव्वा चमचा, दोन कप तांदळाच्या मसालेभाताला दोन चमचे. तुमच्या घरी आळणी आवडत असेल तर पाव चमचा कमी करा, पण ते आधीच्या आठवड्यात रोजच्या जेवणात करून बघा आणि वहीत लिहून ठेवा. काकडीला मात्र मीठ पान वाढतानाच. आधी घातलं तर पाणी सुटून डाव्या बाजूचं सगळं ओलं होतं.

सकाळ

सव्वासहाला कुकर लावा. पहिली फेरी काळ्या वाटाण्यांची, सहा-सात शिट्ट्या. दुसऱ्या फेरीत तीन डबे एकावर एक: खाली तुरीची डाळ, मध्ये बटाटे, वर भोपळ्याच्या फोडी. तिसऱ्या फेरीत अळूची पानं, देठ, भिजलेली डाळ आणि दाणे. पावणेआठ-आठपर्यंत कुकरचं काम संपतं. तोवर दुसऱ्या बर्नरवर उसळीसाठी खोबरं, धणे, मिरी, लवंग भाजून होतात. नैवेद्याला कांदा-लसूण नाही, त्यामुळे उसळीला दाटपणा या भाजलेल्या खोबऱ्यानेच येतो. ते तांबूस होईपर्यंत भाजा.

आठ ते साडेनऊ उसळ, फदफदं, बटाटा, भेंडी या क्रमाने. फदफद्याला चिंच कमी पडू देऊ नका. अळूची खाज चिंचेने जाते, आणि इथेही चाखून बघता येणार नाही. अळूच्या दोन जुड्यांना लिंबाएवढी चिंच मी घालतेच. भेंडी मुद्दाम शेवटी, कारण ती झाकून राहिली की चिकट होते. तिला झाकण घालू नका, नुसतं फडकं टाका. मधल्या वेळात जाऊबाईंनी भोपळा कुस्करून त्यात दही आणि फोडणी घालायची, भरीत झालं. चटणीही वाटून घ्यायची.

साडेनऊला खीर आणि वाटली डाळ. खीर जरा पातळच ठेवा, कारण शेवया दूध पीत राहतात आणि दुपारपर्यंत ती पिठल्यासारखी होते. कपभर गरम दूध बाजूला ठेवलेलं असू द्या. वाटली डाळ भरड वाटा, बारीक वाटली तर कढईत गोळा होतो. झाकून वाफ काढत, अधूनमधून परतत पंधरा मिनिटं, डाळ मोकळी झाली की उतरवायची. दहाला तोंडलीचा मसालेभात. जाड बुडाच्या पातेल्यात केला आणि झाकण उघडलं नाही, तर तो दोन तास गरम राहतो. साडेदहाला पुऱ्यांची कणीक थोडा रवा घालून घट्ट भिजवा. फार आधी भिजवली तर सैल पडते आणि पुऱ्या तेल पितात. आता ओटा रिकामा करा, सकाळची भांडी घासून घ्या आणि पंधरा मिनिटं बसा. खरंच बसा, कारण यापुढचा दीड तास बसायला मिळत नाही.

शेवटचा दीड तास

इथे घड्याळाआधी एक गोष्ट. मुंबईत त्या दिवशी गुरुजींना दहा-बारा घरं असतात. अकराला येतो म्हणालेले गुरुजी कधी साडेनऊला येतात, कधी साडेबाराला. पूजा मध्यान्हीची, पंचांगात दिलेली वेळ सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत दोन-अडीच तासांची असते, म्हणून थोडं मागेपुढे झालं तरी पूजेला बाध येत नाही. पण उकडीला येतो. म्हणून उकडीचं पाणी घड्याळ बघून ठेवू नका. गुरुजी पाटावर बसले की पाणी ठेवा. प्राणप्रतिष्ठा, षोडशोपचार पूजा, पत्री, दूर्वा हे सगळं नीट झालं तर तास-सव्वा तास जातो, त्यात नैवेद्याचं ताट जेमतेम तयार होतं. घरीच कुणी पोथीवरून पूजा करणार असेल तर फारच बरं, वेळ तुमच्या हातात आहे. खालच्या वेळा अकराला पूजा सुरू होते असं धरून आहेत. पुढे-मागे झालं तर सगळ्याच तेवढ्या सरकवा.

दहा पन्नासला पहिल्या बर्नरवर उकडीचं पाणी. अकराला उकड झाकलेली, अकरा दहाला परातीत. मळायचं काम तुम्ही करा, त्याला जोर लागतो. अकरा वीसला सासूबाई आणि जाऊबाई वळायला बसतील. बसायची जागा स्वयंपाकघराबाहेर, पंख्याखाली नको. पंख्याच्या वाऱ्याने पारी वाळते. उकाडा सोसवत नसेल तर पंखा त्यांच्या पाठीकडून, ताटावर वारा येणार नाही असा.

तुम्ही तिसऱ्या बर्नरवर अकरा पंचविसाला साध्या भाताचा कुकर लावा आणि साडेअकराला दुसऱ्या बर्नरवर मोदकपात्राचं पाणी ठेवा. पाणी आधी उकळून वाफ धरली पाहिजे. थंड पात्रात ठेवलेले मोदक वाफ येईपर्यंत खालून ओले होतात आणि बसकट दिसतात. अकरा चाळीसला पहिले अकरा मोदक आत. ठेवताना प्रत्येकाचं बूड गार पाण्यात टेकवून ठेवायचं आणि वरून पाण्याचा हलका हबका मारायचा. याच वेळी पहिल्या बर्नरवर दुसरी उकड काढून झाकून ठेवा, तेवढंच माप, दोन कप.

अकरा पंचावन्नला पहिला घाणा उघडा. मोदकाला चकाकी आली आहे का बघा आणि ओलं बोट लावून बघा. पीठ बोटाला लागलं नाही, तर शिजला. लागलं तर आणखी दोन मिनिटं. फार वेळही ठेवू नका, वीस मिनिटांच्या पुढे पारी फुगून कळ्या मिटतात. काढलेले मोदक लगेच उचलायचे नाहीत, चाळणीसकट पाच मिनिटं राहू द्या. गरम मोदक उचलला की बूड चाळणीलाच राहतं. अकरा अठ्ठावन्नला दुसऱ्या घाण्यात उरलेले दहा मोदक आणि बाजूने किंवा वरच्या चाळणीत निवगऱ्या. चाळणी एकच असेल तर निवगऱ्या कडेला उभ्या टेकवा. त्यांचा मिरचीचा वास मोदकाला लागेल ही भीती नको, हळदीचं पान मध्ये असतं. बारा दहाला हा घाणाही तयार.

तोवर भाताचा कुकर उतरला आहे. तिसऱ्या बर्नरवर वरण, मग उसळ आणि फदफदं एकेक उकळी आणून उतरवा. पहिल्या बर्नरवर बाराला कढईत तेल. जाऊबाई आता पुऱ्या लाटायला आल्या. सासूबाईंना दुसरी उकड तुम्हीच मळून द्या, त्या बसल्या जागी पंक्तीचे मोदक वळत राहतील.

आणि आता तळण फक्त नैवेद्यापुरतं: आधी कुरडई, मग पाच पुऱ्या, मग भजी, शेवटी अळुवडी. हा क्रम तेलासाठी आहे. कुरडई आणि पुरी तेल स्वच्छ ठेवतात. भज्यांचं पीठ सुटतं आणि अळुवडीचे तीळ कढईत राहतात, म्हणून त्या शेवटी. बारा माणसांचं तळण नैवेद्याआधी काढायला जाऊ नका. त्याला अर्धा तास सहज जातो आणि जेवायच्या वेळी पुऱ्या मऊ पडलेल्या असतात.

बारा वीसला पान वाढायला घ्या. भाताची मूद, वर वरण, तूप. डावी बाजू, उजवी बाजू, मग तळण, शेवटी मोदक. एकवीस मोदक त्याच पानात मावत नाहीत, पाच पानात आणि बाकीचे वेगळ्या ताटात ठेवा. वाढताना चिठ्ठीवरून जाऊबाईंनी एकेक नाव वाचावं आणि तुम्ही वाढावं. एकविसांतला एखादा पदार्थ ओट्यावर झाकलेलाच राहून जातो, आणि बहुतेक वेळा तो वाटली डाळ किंवा पंचामृत असतो. पाण्याने चौकोन काढून त्यावर पान ठेवलं, दूर्वा ठेवली, की साडेबाराला नैवेद्य.

आरतीनंतर

आरतीला जाताना सगळे गॅस बंद करा. सासूबाईंनी तोवर वळलेले अकरा मोदक बारा वीसला आत गेले असतील, ते आरतीच्या आधी होऊन त्याच पात्रात झाकलेले राहतात, बिघडत नाहीत. उरलेली उकड ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात बंद करा. ती अर्ध्या तासाच्या पुढे जाईल, म्हणून शेवटचे नऊ मोदक वळताना कळ्या कमी आणि पारी जरा जाड ठेवायला सासूबाईंना सांगा. ते पंक्तीत वाढायचे आहेत, चालतं.

आरती, मंत्रपुष्पांजली होऊन तुम्ही एकच्या सुमाराला पुन्हा ओट्याशी याल. एका बर्नरवर शेवटचा घाणा, एका बर्नरवर तळण, एका बर्नरवर मसालेभाताखाली तवा ठेवून तो गरम. खिरीत बाजूला ठेवलेलं दूध घाला. नैवेद्याच्या पानातला प्रत्येक पदार्थ थोडा थोडा घेऊन त्या त्या पातेल्यात मिसळायचा, म्हणजे सगळं जेवण प्रसादाचं होतं. आता चाखायला हरकत नाही, मीठ कमी असेल तर घालून टाका. भज्यांचं पीठ आता भिजवा, नैवेद्याच्या वेळचं उरलेलं वापरू नका. घोसाळ्याला पाणी सुटून ते सैल झालेलं असतं. पहिली पंगत दीडला बसते. बारा माणसं एकदम बसवायला जागा नसेल तर सहा-सहाच्या दोन पंगती करा, आणि तिघींपैकी सासूबाईंना पहिल्या पंगतीत बसवा.

उरलेले मोदक फ्रिजमध्ये ठेवू नका, पारी कडक होते. हळदीच्या पानावर ठेवून वरून पातेलं उपडं घाला. रात्रीच्या आरतीच्या आधी चार-पाच मिनिटं वाफ दिली की ते पुन्हा मऊ होतात. दुसऱ्या दिवसापर्यंत मात्र ठेवू नका, ओला नारळ आहे.